सरळव्याजाचं कर्ज समान वार्षिक हप्त्यांत फेडायचं असेल तर हप्ता कसा काढायचा, आणि हप्त्यावरून मूळ कर्ज कसं शोधायचं

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदाच येतो. ऑक्टोबरला गोडी छाटणी, मग चार-साडेचार महिने फवारण्या, मजुरी, खतं, आणि फेब्रुवारी-मार्चला माल निघाला की हातात रक्कम. त्यामुळे इथे घरातल्या घरात किंवा ओळखीत जे उसने व्यवहार होतात त्यात महिन्याचा ईएमआय कोणी बोलतच नाही, "वर्षाला एक हप्ता, तीन वर्षांत मोकळं" असं ठरतं आणि व्याज सरळव्याजाने. आणि दुसरीकडे कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत बसणारी पोरं तलाठी भरती, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा यांचे पेपर सोडवत असतात त्यातही हाच प्रश्न असतो, फक्त आकडे वेगळे. दोन्हीकडे गोंधळ एकाच जागी होतो, म्हणून एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत नेतो.

समजा एका बागायतदाराने ठिबक आणि बागेच्या मांडवाच्या कामासाठी नात्यातल्या माणसाकडून ३,३०,००० रुपये घेतले. व्याज द.सा.द.शे. १०, सरळव्याज. फेड तीन समान वार्षिक हप्त्यांत, पहिला हप्ता बरोबर एक वर्षाने. हप्ता किती?

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या, दर वर्षाचा आहे की महिन्याचा. गावात "दीड टक्क्याने घेतले" म्हणतात ते बहुतेक वेळा महिन्याचं असतं, शेकडा दीड रुपया दर महिना, म्हणजे वर्षाला १८ टक्के. परीक्षेत द.सा.द.शे. लिहिलेलं असतं म्हणून प्रश्न येत नाही, पण प्रत्यक्ष व्यवहारात हा फरक बारा पटींचा आहे आणि पुढचं सगळं गणित त्यावर उभं राहतं.

बहुतेक जण आधी काय करतात

बहुतेक जण असं करतात: ३,३०,००० वर १० टक्क्याने तीन वर्षांचं व्याज ९९,०००, एकूण ४,२९,०००, भागिले तीन, हप्ता १,४३,०००. दिसायला अगदी सरळ. पण यात फेडणाऱ्या माणसावर अन्याय होतो, कारण पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याने १,४३,००० परत दिले तरी पुढची दोन वर्षं तो पूर्ण ३,३०,००० वरच व्याज भरतोय. जे पैसे परत गेले ते समोरच्याच्या खिशात आहेत, तो ते वापरतोय, मग त्याचं व्याज याने का द्यायचं?

हाच फ्लॅट रेट. गाडीच्या कर्जात, टीव्ही-फ्रिजच्या हप्त्यात तो अजूनही बोलला जातो, आणि "१० टक्के फ्लॅट" ऐकायला स्वस्त वाटतं म्हणूनच बोलला जातो. प्रत्यक्षात तो किती पडतो ते शेवटाकडे काढून दाखवतो.

दुसरं टोक म्हणजे व्याज विसरूनच ३,३०,००० भागिले तीन, १,१०,०००. हे तर उघडच कमी आहे. पण हे दोन आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, १,१०,००० आणि १,४३,०००. खरा हप्ता या दोघांच्या मध्येच कुठेतरी यायला हवा, बाहेर गेला तर कुठेतरी चुकलंय हे लगेच कळेल.

सगळे पैसे एकाच तारखेवर आणा

मूळ अडचण अशी आहे की कर्जाचे पैसे आजचे आहेत, पहिला हप्ता एक वर्षानंतरचा, दुसरा दोन वर्षांनंतरचा, तिसरा तीन वर्षांनंतरचा. वेगवेगळ्या दिवशीचे रुपये तसेच्या तसे बेरीज-वजाबाकीत घालता येत नाहीत. म्हणून एक तारीख ठरवायची आणि सगळे पैसे त्या तारखेला किती होतात ते बघायचं. सरळव्याजाच्या हप्त्यांत ती तारीख म्हणजे शेवटच्या हप्त्याचा दिवस. हा दिवसच घ्यायचा, मधला नाही, आजचा नाही, याचं कारण पुढे येईल.

आता पहिली पायरी. कर्ज देणाऱ्याच्या बाजूने बघा. त्याचे ३,३०,००० तीन वर्षं तसेच पडून राहिले असते, मधे एक रुपयाही परत आला नसता, तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्याचं येणं किती झालं असतं? दरवर्षी ३३,००० व्याज, तीन वर्षांचं ९९,०००, म्हणजे रास ४,२९,०००.

दुसरी पायरी, फेडणाऱ्याच्या बाजूने. हप्ता माहीत नाही म्हणून त्याला ह म्हणू. पहिला हप्ता एका वर्षाने दिला, शेवटच्या दिवसापर्यंत अजून दोन वर्षं आहेत, तर त्या हप्त्यावर दोन वर्षांचं व्याज फेडणाऱ्याच्या नावावर जमा धरायचं. म्हणजे तो शेवटच्या दिवशी १.२ ह इतका झाला. दुसऱ्या हप्त्यापुढे एकच वर्ष उरतं, तो १.१ ह. तिसरा हप्ता शेवटच्याच दिवशी दिला, त्याला व्याज मिळायला वेळच नाही, तो ह तसाच.

इथे सगळ्यात जास्त जण घसरतात. तीन हप्ते आहेत म्हणून तीन, दोन, एक वर्षांचं व्याज लावतात. पण पहिला हप्ता कर्ज घेतल्या दिवशी दिलेला नाही, एक वर्ष उलटल्यावर दिलाय. म्हणून दोन, एक, शून्य. शेवटच्या हप्त्यासमोर शून्य आलं नाही तर पुढे जाऊच नका.

तिसरी पायरी, दोन्ही बाजू सारख्या करायच्या.

१.२ ह + १.१ ह + ह = ४,२९,०००
३.३ ह = ४,२९,०००
ह = १,३०,०००

हप्ता १,३०,००० रुपये. १,१०,००० आणि १,४३,००० च्या मध्ये आहे. तीन हप्त्यांत एकूण ३,९०,००० गेले, म्हणजे व्याज ६०,०००, फ्लॅट पद्धतीने ते ९९,००० होत होतं. एकाच कर्जावर, एकाच दराने, ३९,००० चा फरक, आणि कागदावर दोन्हीकडे "१० टक्के सरळव्याज" असंच लिहिलेलं असू शकतं. म्हणून हे गणित येणं मला फार गरजेचं वाटतं, परीक्षेच्या एका मार्कासाठी नाही, घरातल्या पैशासाठी.

वहीत मांडून तपासा

उत्तर आलं की ते खातेवहीसारखं वर्षावार मांडून बघायचं. यात वेळ लागत नाही आणि सूत्र पाठ नसलं तरी उत्तराची खात्री होते. नियम एवढाच की हप्ता आला की तो पूर्ण मुद्दलातून वजा करायचा, आणि त्या वर्षाचं व्याज बाजूला एका वेगळ्या रकान्यात लिहून ठेवायचं. त्या बाजूच्या व्याजावर व्याज लागत नाही, कारण सरळव्याज आहे. शेवटच्या दिवशी उरलेलं मुद्दल आणि बाजूला साठलेलं सगळं व्याज एकदम चुकतं करायचं.

पहिलं वर्ष: मुद्दल ३,३०,०००, व्याज ३३,००० बाजूला. हप्ता १,३०,००० दिला, मुद्दल राहिलं २,००,०००.
दुसरं वर्ष: २,००,००० वर व्याज २०,००० बाजूला. हप्ता दिला, मुद्दल राहिलं ७०,०००.
तिसरं वर्ष: ७०,००० वर व्याज ७,००० बाजूला. आता देणं काय राहिलं? मुद्दल ७०,०००, आणि बाजूचं व्याज ३३,००० + २०,००० + ७,००० म्हणजे ६०,०००. एकूण १,३०,०००. शेवटचा हप्ता बरोबर तेवढाच.

खातं शून्य झालं. आणि आता कळेल की तारीख शेवटचीच का घेतली. शेवटच्या दिवशी सगळे पैसे आणणं आणि "हप्ता आधी मुद्दलात, व्याज शेवटी" ही वही, या दोन्ही एकच गोष्टी आहेत. दुसरी तारीख घेतली असती तर ही वही जुळलीच नसती. उदाहरणार्थ सगळे हप्ते आजच्या तारखेला मागे आणले, म्हणजे ह भागिले १.१, ह भागिले १.२, ह भागिले १.३ यांची बेरीज ३,३०,००० बरोबर धरली, तर हप्ता साधारण १,३१,३८७ येतो. चक्रवाढव्याजात कुठलीही तारीख घ्या, उत्तर तेच येतं, सरळव्याजात तसं होत नाही, तारीख बदलली की उत्तर थोडं सरकतं. ही सरळव्याजाचीच मर्यादा आहे, आपल्या आकडेमोडीची नाही. म्हणून दोघांचं उत्तर वेगळं येत असेल तर भांडण्याआधी बघा की तारीख कोणती धरलीय. आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांत या प्रकारात शेवटची तारीखच धरतात.

पटकन करायचं असेल तर

वरचं समजलं असेल तर सूत्र आपोआप तयार होतं. हप्त्यांच्या संख्येला न आणि दराला द म्हटलं तर हप्त्यांच्या बाजूला दशांश टाळायला सगळं १०० पटीत लिहा. प्रत्येक हप्त्याचे १०० धरले, एकूण १०० × न. त्यात व्याजाचे वर्षं ० + १ + २ + ... असे न − १ पर्यंत, गुणिले द. आणि कर्जाच्या बाजूला १०० + न × द.

मुद्दल × (१०० + न × द) = हप्ता × (१०० × न + द × न(न − १)/२)

तो न(न − १)/२ वाला भाग बघून घाबरू नका, ती फक्त वर्षांची बेरीज आहे. दोन हप्ते असतील तर १, तीन असतील तर ३, चार असतील तर ६, पाच असतील तर १०. एवढे चार आकडे लक्षात राहिले तरी परीक्षेचं काम होतं, त्यापुढे सहसा विचारत नाहीत.

आपलं उदाहरण: डावीकडे ३,३०,००० × १३०, उजवीकडे हप्ता × (३०० + ३ × १०) म्हणजे हप्ता × ३३०. हप्ता १,३०,०००.

आजचा आकडा दिलाय की शेवटचा

परीक्षेत या प्रकारातले निम्मे मार्क इथे जातात असं मला शिकवताना वाटत आलंय. ही दोन वाक्यं नीट वाचा.

एक: "३,३०,००० रुपये द.सा.द.शे. १० सरळव्याजाने कर्जाऊ घेतले, ते तीन समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे आहे."

दोन: "तीन वर्षांनी देय असलेले ३,३०,००० रुपयांचे देणे द.सा.द.शे. १० सरळव्याजाने तीन समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे आहे."

आकडे सारखे, मुदत सारखी, दर सारखा. पहिल्यात ३,३०,००० हे आज हातात आलेले पैसे आहेत, म्हणून आधी त्याची रास काढायला लागते, ४,२९,०००, आणि हप्ता १,३०,०००. दुसऱ्यात ३,३०,००० हीच तीन वर्षांनंतरची रक्कम आहे, ती आधीच शेवटच्या तारखेवर उभी आहे, तिच्यावर परत व्याज लावायचं नाही. ३.३ ह = ३,३०,०००, हप्ता १,००,०००.

हप्त्यामागे तीस हजारांचा फरक, आणि पेपर काढणारा दोन्ही उत्तरं पर्यायांत ठेवतो, त्यामुळे आपलं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे बरोबर आलं असं समजायचं नाही. ओळखायचं कसं? "घेतले", "कर्जाऊ", "उसने" असे शब्द असतील तर आकडा आजचा. "देय", "चुकते करायचे", "इतक्या वर्षांनी द्यावयाचे" असं असेल तर शेवटचा. वाक्य संदिग्ध वाटलं तर दुसऱ्या पद्धतीचा ताळा बघा: देय रकमेच्या प्रश्नात तीन हप्त्यांची साधी बेरीज दिलेल्या आकड्यापेक्षा कमी भरते (वर ३,००,००० विरुद्ध ३,३०,०००), कारण वेळेआधी पैसे दिल्याचा फायदा मिळतो. कर्जाऊ रकमेच्या प्रश्नात बेरीज नेहमी जास्त भरते. अभ्यासिकेत कोणी विचारलं की "सर, इथे सूत्र कुठलं लावू", तर मी आधी हेच विचारतो की आकडा कुठल्या तारखेचा आहे ते सांग, मग सूत्र बघू.

उलटा प्रश्न: हप्ता माहीत आहे, घेतले किती होते

हा प्रश्न पेपरात येतोच पण घरातही येतो. वडील सांगतात की "आम्ही चार वर्षं वर्षाला ६६,००० भरले, आठ टक्क्याने", आणि मूळ किती घेतले होते ते कोणाला आठवत नाही, चिठ्ठी सापडत नाही.

पायऱ्या त्याच, फक्त अनोळखी आकडा दुसऱ्या बाजूला. चार हप्ते, दर ८. हप्त्यांच्या समोर उरलेली वर्षं ३, २, १, ०, बेरीज ६. शेवटच्या दिवशी सगळे हप्ते मिळून ६६,००० × (४०० + ६ × ८) / १००, म्हणजे ६६,००० × ४.४८, म्हणजे २,९५,६८०. ही झाली शेवटच्या दिवसाची रक्कम. मूळ कर्जाची चार वर्षांनंतरची रास पण एवढीच असायला हवी. ८ टक्क्याने चार वर्षांत १ रुपयाचे १.३२ होतात. तर २,९५,६८० भागिले १.३२, मूळ कर्ज २,२४,०००.

इथे चूक होते ती शेवटच्या भागाकारात. पोरं २,९५,६८० वर येऊन थांबतात आणि तेच उत्तर म्हणून लिहितात, किंवा ३२ टक्के वजा करतात. ३२ टक्के वजा करणं आणि १.३२ ने भागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वजा केलं तर २,०१,०६२ च्या आसपास येतं आणि वही जुळत नाही.

वही मांडून बघू. २,२४,००० वर व्याज १७,९२०, हप्ता गेल्यावर मुद्दल १,५८,०००. व्याज १२,६४०, मुद्दल ९२,०००. व्याज ७,३६०, मुद्दल २६,०००. व्याज २,०८०. बाजूचं सगळं व्याज मिळून बरोबर ४०,०००, आणि मुद्दल २६,०००, मिळून ६६,०००. शेवटचा हप्ता जुळला, उत्तर पक्कं.

हंगामाची तारीख वेगळी असेल तर

आता खऱ्या आयुष्याकडे येऊ, कारण सूत्र फक्त तेव्हाच चालतं जेव्हा पहिला हप्ता बरोबर एक वर्षाने असतो. द्राक्षवाला माणूस पैसे घेतो छाटणीच्या वेळी, समजा १ ऑक्टोबरला, आणि देतो माल निघाल्यावर, ३१ मार्चला. म्हणजे पहिला हप्ता सहा महिन्यांनीच, नंतरचे दोन पुढच्या दोन मार्चला. तेच ३,३०,०००, तोच १० टक्के दर. हप्ता १,३०,००० च धरायचा का? नाही.

तीच पद्धत लावा. कर्ज घेतल्यापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत आता अडीच वर्षं झाली. कर्जाची रास ३,३०,००० × १.२५ = ४,१२,५००. हप्त्यांमधलं अंतर मात्र एकेक वर्षच आहे, म्हणून त्या बाजूला काहीच बदललं नाही, ३.३ ह. हप्ता आला १,२५,०००. सहा महिने आधी फेडायला सुरुवात केली म्हणून हप्त्यामागे पाच हजार वाचले, आणि ते मागून घ्यायला हवेत, कारण चिठ्ठी लिहिताना समोरचा सवयीने पूर्ण तीन वर्षांचं व्याज धरतो. वही इथे पण जुळते, पहिल्या सहा महिन्यांचं व्याज १६,५००, मग मुद्दल २,०५,००० वर २०,५००, मग ८०,००० वर ८,०००, बाजूचं व्याज ४५,०००, शेवटी ८०,००० + ४५,००० = १,२५,०००.

आणि एखाद्या वर्षी गारपीट झाली तर? ऐन काढणीत गारा पडल्या की हातातला माल जातो, हे या भागात नवीन नाही. समजा पहिल्याच उदाहरणात (पहिला हप्ता एका वर्षाने, १,३०,०००) दुसऱ्या वर्षीचा हप्ता देताच आला नाही आणि समोरचा म्हणाला ठीक आहे, पुढच्या वर्षी एकदम दे. तेव्हा शेवटच्या दिवशी किती द्यायचे? सूत्र इथे काही कामाचं नाही कारण हप्ते समान राहिले नाहीत, पण तारखेची पद्धत तशीच चालते. शेवटच्या दिवसाचं येणं ४,२९,०००. पहिला हप्ता त्या दिवशी १,५६,००० झाला. बाकी २,७३,०००. म्हणजे दोन हप्त्यांचे २,६०,००० आणि चुकलेल्या हप्त्यावर एक वर्षाचं व्याज १३,०००. याच्यापेक्षा जास्त कोणी मागत असेल तर ते व्याजावर व्याज किंवा दंड आहे, आणि तसं आधी ठरलं होतं का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

हप्ते सहामाही असतील तरी वेगळं काही शिकायला लागत नाही. वर्ष ऐवजी सहामाही हे एकक धरा, दर निम्मा करा, बाकी पायऱ्या त्याच.

बँकेत हा आकडा का जुळत नाही

हे सगळं शिकल्यावर एखादा बँकेत जाऊन म्हणेल की तुमचा हप्ता जास्त आहे, तर आधी हे वाचा. बँक किंवा पतसंस्था घटत्या शिल्लकीवर कर्ज देते तेव्हा हप्ता आला की आधी त्यातून साठलेलं व्याज कापते, उरलेलं मुद्दलात घालते. आपल्या वहीच्या बरोब्बर उलटं. तेच ३,३०,०००, १० टक्के, वर्षाला १,३०,००० भरले तर बँकेच्या वहीत काय होतं बघा. पहिल्या वर्षी ३३,००० व्याजात गेले, ९७,००० मुद्दलात, राहिले २,३३,०००. दुसऱ्या वर्षी २३,३०० व्याजात, १,०६,७०० मुद्दलात, राहिले १,२६,३००. तिसऱ्या वर्षी व्याज १२,६३०, एकूण देणं १,३८,९३०, आणि तुमच्या हातात हप्ता आहे १,३०,००० चा. खात्यावर ८,९३० शिल्लक राहिले.

बँकेने फसवलं नाही. व्याज दरवर्षी वसूल करणं हे चक्रवाढीसारखंच काम करतं, आणि त्या पद्धतीने समान हप्ता १,३२,६९८ च्या आसपास येतो. शुद्ध सरळव्याजात व्याज शेवटपर्यंत थांबतं, म्हणून हप्ता थोडा कमी. दोन्हीत फरक हप्त्यामागे पावणेतीन हजारांच्या आत आहे. घाबरायचं ते याला नाही, फ्लॅट रेटला.

कारण आता फ्लॅटवाला १,४३,००० चा हप्ता परत घ्या आणि विचारा, हा हप्ता खऱ्या सरळव्याजाच्या पद्धतीने कुठल्या दराला बसतो? एका रुपयामागे वर्षाला जितके रुपये व्याज पडतं त्याला व म्हणू.

३,३०,००० × (१ + ३व) = १,४३,००० × (३ + ३व)
३,३०,००० + ९,९०,०००व = ४,२९,००० + ४,२९,०००व
५,६१,०००व = ९९,०००

व आला ०.१७६, म्हणजे साधारण १७.६५ टक्के. दहा टक्के म्हणून घेतलेलं कर्ज साडेसतरा टक्क्यांच्या वर पडलं.

म्हणून चिठ्ठीवर सही करायच्या आधी नुसता दर लिहून चालत नाही. घेतल्याची तारीख, प्रत्येक हप्त्याची तारीख, हप्त्याचा आकडा, आणि हप्ता आधी मुद्दलात जमा होणार की व्याजात, या चारही गोष्टी शब्दांत लिहून घ्या. शेवटचं लिहिलेलं नसेल आणि वाद उभा राहिला तर सर्वसाधारण नियम आधी व्याज, मग मुद्दल असाच धरला जातो, आणि मग आपल्या उदाहरणातले १,३०,००० पुरत नाहीत, वरचे ८,९३० भरायला लागतात. नात्यातला व्यवहार असला तर वर्षावार वही आधीच मांडून तिची एक प्रत त्याच चिठ्ठीला जोडा, आणि दर मार्चला हप्ता देताना त्या वर्षाच्या ओळीसमोर दोघांनी सही करा.